जुन्या पोथीचे संगणकवाचन आणि अनुस्वार

अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी कापडावर हाताने लिहिलेली आहे. छापील अक्षरे ओळखणाऱ्या संगणकाकडून ती वाचून घेण्याची अपेक्षा व्यर्थ होय. परंतु आपल्या जिल्ह्यातील संतकवींच्या जुन्या छापील प्रतींचे तसे नाही. त्या वाचून घेता येतात. मात्र पानाचे छायाचित्र 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहात आपणच मजकूर बिघडवतो, तो कसा हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम रंगीत चित्र करडे करतात. यात फारसा धोका नाही. पानावर कुंकवाचा डाग असेल तर तीन रंगांपैकी केवळ तांबडा घटक घ्यावा. डाग जवळजवळ नाहीसा होतो. मात्र लाल शाईत छापलेले ओव्यांचे आकडेही त्याबरोबर जातात.

नंतर येतो उंबरठा. करड्या छटा ० ते २५५ अशा मोजतात. ठराविक अंकाखालचे सारे काळे, वरचे पांढरे. हा अंक आपोआप काढण्याची नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ ची रीत प्रसिद्ध आहे. समजा, कागद २१०, शाई ६० आणि उंबरठा १३५ निघाला. शिवणीजवळच्या सावलीत कागदच ११० असेल, तर तेथील ओळींची शेवटची अक्षरे काळ्या पट्ट्यात बुडतात. अशा वेळी प्रत्येक भागासाठी वेगळा उंबरठा लावावा. त्याची चौकट मात्र अक्षरापेक्षा मोठी हवी. लहान ठेवल्यास ठळक अक्षरे आतून पोकळ होतात.

खरा घात होतो तो ठिपके पुसताना. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत 'नाहीं', 'घरांत', 'केलें' असे अनुस्वार पानोपानी आढळतात. अनुस्वाराचा ठिपका एक तृतीयांश मिलिमीटर रुंद धरू. इंचाला ३०० बिंदूंनी टिपल्यास तो सुमारे ४ बिंदू रुंद येतो. कोपरे वगळता एकूण १२ बिंदू. मध्यक-गाळणी चौकटीतील बहुमताचा रंग मधल्या बिंदूला देते. पाच बाय पाचच्या चौकटीत २५ बिंदू, बहुमत १३ चे. म्हणजे अनुस्वार समूळ गेला! तीन बाय तीनच्या चौकटीत तो जसाच्या तसा टिकतो. तेच पान १५० बिंदूंनी टिपले असेल तर ठिपका २ बाय २ चा, आणि तीनच्या चौकटीतही ९ पैकी ४ च मते. 'नाहीं' चे 'नाही' झाले तर अर्थ तरी राहतो. 'त्यांचा' चे 'त्याचा' झाले की अर्थच बदलतो, आणि शब्द शुद्ध असल्याने मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटतो.

हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. गाळणीपूर्वीच्या चित्रातून नंतरचे चित्र वजा करावे. उरलेले ठिपके पानभर विखुरलेले असतील तर ती धूळ. शिरोरेषेच्या किंचित वर ओळीने बसलेले दिसले तर ते अनुस्वार होत. टेसरॅक्टसारखी यंत्रणा काळेपांढरे करण्याचे काम स्वतःच करीत असल्याने, प्रथम नुसते करडे पान देऊन पाहावे आणि हाताने उतरविलेल्या एका पानाशी अनुस्वार मोजून ताडावेत. त्यात अनुस्वार पुरते आले, तर गाळणी लावूच नये.