बदक, लावा आणि कोंबडी : अंडे कोणते, किती आणि किती वेळ उकडावे?

नागपूरकरांना अंडे म्हटले की कोंबडीचेच आठवते. सावजी रश्श्यातले असो, हातगाडीवरच्या आम्लेटातले असो किंवा मुलांच्या डब्यातले. पण आता काही दुकानांत ठिपक्याठिपक्यांची इवलीशी लाव्याची अंडी, म्हणजेच बटेरची अंडी, पाकिटांतून दिसतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या तलावांच्या मुलखाशी संबंध असलेल्या घरांतून अधूनमधून बदकाची अंडीही येतात. त्यांच्याबरोबर ऐकीव गोष्टीही येतात. कोणी सांगतो, लाव्याच्या अंड्यात कोलेस्टेरॉल नसते. कोणी म्हणतो, बदकाचे अंडे वातूळ असते. या अंड्यांत खरा फरक काय आहे आणि तो स्वयंपाकघरात कसा सांभाळायचा, ते आज पाहू.

तुलना करताना सर्वांत मोठी गफलत होते ती नगावर मोजल्याने. कवच काढल्यावर कोंबडीच्या मध्यम अंड्याचे वजन साधारण ५० ग्रॅम भरते, बदकाच्या अंड्याचे ७० ग्रॅमच्या आसपास आणि लाव्याच्या अंड्याचे जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याच्या जागी लाव्याची पाच ते सहा अंडी धरावी लागतात. एका लाव्याच्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी दिसते, कारण ते अंडेच लहान असते. वजनास वजन धरले तर चित्र पालटते. १०० ग्रॅम कोंबडीच्या अंड्यात कोलेस्टेरॉल सुमारे ३७० मिलिग्रॅम असते. लाव्याच्या तेवढ्याच अंड्यांत ते ८४० आणि बदकाच्या अंड्यात ८८० मिलिग्रॅमच्या घरात असते, म्हणजे दुपटीहून अधिक. प्रथिने मात्र तिन्हींत जवळजवळ सारखीच, १०० ग्रॅमला १२ ते १३ ग्रॅम.

चवीतला फरक मुख्यतः स्निग्धांशाचा आहे. १०० ग्रॅममागे कोंबडीच्या अंड्यात सुमारे साडेनऊ ग्रॅम, लाव्याच्या अंड्यात ११ आणि बदकाच्या अंड्यात जवळजवळ १४ ग्रॅम चरबी असते. ही सारी चरबी बलकात असते आणि बदकाच्या अंड्यात बलकाचा वाटा मोठा असतो. म्हणून त्याचा बलक दाट, लोण्यासारखा लागतो. बदक तळ्यातले किडे, गोगलगायी, मासे खात असेल तर अंड्याला किंचित उग्र वासही येतो. दाण्यावर वाढलेल्या बदकाच्या अंड्याला तो फारसा जाणवत नाही. लाव्याचे अंडे चवीला कोंबडीच्या अंड्याजवळचेच, सौम्य आणि जरा अधिक मऊ असते. बदकाच्या अंड्याची जमेची बाजूही सांगायला हवी. त्यात ब-१२ जीवनसत्त्व भरपूर असते आणि एका अंड्यात प्रौढ माणसाची दिवसाची गरज भागते.

आता उकडण्याच्या वेळेकडे वळू. पाणी खळखळ उकळल्यावर अंडी अलगद सोडावीत आणि तेथून घड्याळ लावावे. बलक पूर्ण घट्ट व्हायला कोंबडीच्या अंड्याला १० ते ११ मिनिटे लागतात, लाव्याच्या अंड्याला ४ आणि बदकाच्या अंड्याला १४ ते १५. लाव्याचे अंडे वजनाने पाचपट लहान असूनही वेळ पाचपट कमी होत नाही, साधारण तिपटीनेच कमी होतो. उष्णता कवचाकडून मध्याकडे हळूहळू सरकते, आणि अंडे मोठे होते तेव्हा हे अंतर वजनाइतक्या वेगाने वाढत नाही. ही वेळ बाहेर ठेवलेल्या अंड्यांची आहे. शीतकपाटातून काढलेल्या कोंबडीच्या किंवा बदकाच्या अंड्याला एक मिनिट जादा द्यावे. मे महिन्याच्या नागपुरी उन्हाळ्यात स्वयंपाकघरच तापलेले असते, तेव्हा बाहेरचे अंडे थोडे लवकर होते.

वेळ चुकली की अंडेच सांगते. बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसले तर अंडे जास्त उकडले. पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ते कडे येते. त्याने अपाय होत नाही, पण चव उतरते. लाव्याच्या अंड्याला दोन मिनिटे जादा झाली तरी बलक कोरडा, भुसभुशीत होतो. बदकाच्या अंड्याचा पांढरा भाग मुळातच घट्ट बसतो, फार उकडला तर रबरासारखा चिवट लागतो. म्हणून वेळ होताच अंडी थंड पाण्यात टाकावीत. लाव्याचे कवच पातळ, पण आतला पापुद्रा चिवट असतो. अंडे ताटात हलक्या हाताने लोळवून जाड बाजूने सोलायला घ्यावे, म्हणजे पापुद्र्यासकट कवच निघते.

चार माणसांच्या घरी अंड्याचा रस्सा करायचा आहे असे धरू. कोंबडीची ४ अंडी म्हणजे २०० ग्रॅम. त्याऐवजी बदकाची ३ किंवा लाव्याची २२ अंडी घ्यावी लागतील. प्रत्येकाच्या वाट्याला कोंबडीच्या अंड्यांतून सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल येईल, लाव्याच्या अंड्यांतून ४२० आणि बदकाच्या अंड्यांतून ४६० च्या आसपास. लाव्याची अंडी मसाला परतून रस्सा उकळल्यावर, अगदी शेवटी सोडावीत, नाहीतर ती दुसऱ्यांदा शिजून कडक होतात. बदकाची अंडी उभी चिरून रश्श्यात पाच मिनिटे राहू द्यावीत. त्यांचा दाट बलक तिखट मसाल्याला पुरून उरतो. मात्र बलकातच चरबी असल्याने वरची तर्री बेताची ठेवावी.

धडधाकट माणसाने अधूनमधून यांतले कोणतेही अंडे खाल्ल्यास घाबरण्याचे कारण नाही. आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, वनस्पती तूप यांसारख्या घट्ट चरबीचा रक्तावर परिणाम अधिक होतो, हे आता मान्य झाले आहे. पण ज्यांना मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याची तक्रार आहे, त्यांनी ‘लहान अंडे आहे’ म्हणून लाव्याची दहा-बारा अंडी एका बैठकीत संपवू नयेत. अंडी किती खावीत, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. बदक ओल्या, चिखलाच्या जागी अंडी घालते, त्यामुळे कवचावर आणि कधी आतही साल्मोनेला जंतू असू शकतात. २०१० साली इंग्लंडमध्ये बदकाच्या अंड्यांतून अशी साथ पसरली होती. म्हणून बदकाचे अंडे कच्चे, अर्धवट उकडलेले किंवा हाफ-फ्राय करून खाऊ नये. बलक पूर्ण घट्ट झालाच पाहिजे, आणि कच्चे अंडे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. दुसरी गोष्ट ॲलर्जीची. कोंबडीच्या अंड्याने ज्या मुलाच्या अंगावर पित्त उठते किंवा ओठ सुजतात, त्याला लाव्याचे अंडे चालते असा समज आहे. दोन्हींच्या पांढऱ्यातील प्रथिने बरीच सारखी असल्याने तोच त्रास पुन्हा होऊ शकतो. अशा मुलावर घरी प्रयोग करू नये.

शेवटी, विकत घेताना लाव्याची अंडी पाळीव जपानी लाव्याचीच घ्यावीत. रानातल्या लाव्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. घरी आणल्यावर अंडे पाण्यात सोडून पाहावे. आडवे तळाशी बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, आणि तरंगले तर टाकून द्यावे. तिन्ही पक्ष्यांच्या अंड्यांना ही परीक्षा लागू पडते.