चढणीवर अडणारी गाडी : गिअर मोटर निवडताना करावयाचा हिशेब

नागपुरातील मोमिनपुऱ्यात काही तरुण कारागिरांनी कळमना बाजारातील एका व्यापाऱ्यासाठी माल वाहणारी छोटी रोबो गाडी बनविली. दहा किलो संत्र्यांची पेटी घेऊन तिने गाळ्याच्या ओट्यावर चढावे, एवढेच तिचे काम. सपाट फरशीवर गाडी झपाट्याने पळाली. चढणीवर मात्र मध्येच थांबली, आणि थोड्याच वेळात दोन्ही मोटरी जळाल्या. मोटर वाईट निघाली, असे कारागीर म्हणू लागले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तेव्हा चूक खरेदीत सापडली. तो हिशेब वाचकांसमोर ठेवीत आहोत.

गाडीचे वजन ६ किलो व पेटी १० किलो, असे एकूण १६ किलो. चढणीची लांबी १५० सेंटीमीटर आणि उंची ३० सेंटीमीटर, म्हणजे लांबीच्या एक पंचमांश. म्हणून वजनाचाही एक पंचमांश, अर्थात ३.२ किलो, गाडीला मागे ओढतो. कोन मोजण्याची गरज नाही, मोजपट्टी पुरते. चाकांच्या घर्षणासाठी अर्धा किलो आणि उभी गाडी हलविण्यासाठी अर्धा किलो धरला, तर एकूण ४.२ किलो जोर लागतो.

हा जोर चाकाच्या कडेवर लागतो. चाकाचा व्यास १० सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या ५. जोराला त्रिज्येने गुणले की टॉर्क, म्हणजेच पीळ मिळतो : ४.२ गुणिले ५, बरोबर २१ किलो-सेंटीमीटर. मोटरी दोन, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला साडेदहा.

आता चूक पाहा. कारागिरांनी ३०० आरपीएमची, ११ किलो-सेंटीमीटर लिहिलेली मोटर आणली होती. साडेदहा हवे, अकरा मिळाले, मग अडले कुठे? दुकानदार सांगतो तो आकडा बहुधा स्टॉल टॉर्कचा असतो. मोटर अडून फिरायची थांबते, त्या क्षणाचा तो पीळ. त्या वेळी ती सर्वांत जास्त करंट खेचते आणि सारी वीज उष्णतेत जाते. बॅटरी थोडी उतरली की तेवढाही पीळ मिळत नाही. म्हणून रोजच्या कामासाठी छापील स्टॉल टॉर्कच्या चौथ्या हिश्श्यावरच भिस्त ठेवावी. साडेदहाची चौपट म्हणजे ४२ किलो-सेंटीमीटरची मोटर हवी होती.

यासाठी मोठी मोटर लागतेच असे नाही. आतली मोटर बिनभाराने ६००० फेरे घेणारी आणि तिचा स्टॉल टॉर्क ०.८ किलो-सेंटीमीटर होता. गिअर रेशो २० असल्याने बाहेर ३०० फेरे मिळत. गिअरच्या दात्यांत सुमारे तीन दशांश शक्ती खर्ची पडते, म्हणून पीळ ०.८ गुणिले २० गुणिले ०.७, म्हणजे ११. रेशो ७५ घेतला, तर त्याच मोटरीतून ४२ मिळतो आणि फेरे ८० होतात. चौथा हिस्सा भार पडल्यावर फेरेही साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होऊन ६० राहतात. चाकाचा घेर ३१ सेंटीमीटर. म्हणजे गाडी सेकंदाला ३० सेंटीमीटर जाईल. ओट्यावर चढायला एवढा वेग पुरेसा आहे.

मग रेशो ३०० का घेऊ नये? गाडी गोगलगाय होईल, आणि चाक कुठे अडलेच तर वाढलेल्या पिळाने छोट्या गिअरबॉक्सचे दाते तुटतील.

पीळ असूनही चाके जागीच फिरली, तर दोष पकडीचा. मोटरीच्या चाकांवर निम्मे वजन, म्हणजे ८ किलो पडत असेल आणि रबराची पकड त्याच्या सहा दशांश धरली, तर जोर ४.८ किलोपर्यंतच मिळेल. आपल्याला हवा ४.२. धूळ वा पाणी असल्यास हे अंतर उरत नाही. चढताना वजन मागे सरकते, म्हणून मोटरीची चाके मागे बसवून पेटीही मागेच ठेवावी.

शेवटी तपासणी. पूर्ण भार घेऊन गाडी चालती ठेवून चढणीला लावा व घड्याळ पाहा. १५० सेंटीमीटर सुमारे ५ सेकंदांत व्हावे. ७ पेक्षा जास्त सेकंद लागले, तर मोटर निम्म्याहून कमी वेगाने घुसमटत आहे, असे समजावे. अशा दहा फेऱ्यांनंतर मोटरीवर बोट ठेवा. चटका बसून बोट उचलावे लागले, तर रेशो वाढवा किंवा चाक लहान करा. मोमिनपुऱ्यातील गाडीला ७५ रेशोची जोडी बसविली. चाके तीच, बॅटरी तीच. पेटी आता ओट्यावर चढते.