सुधारणा नेमकी कशाची? – उद्दिष्टांतील क्रियापदांची निवड

कार्यमूल्यमापनासाठी पुढील वर्षाची उद्दिष्टे इंग्रजीत लिहिताना ‘इम्प्रूव्ह’ हे क्रियापद लेखणीतून सहज उतरते. बदल चांगला असेल एवढेच ते सांगते. काय बदलणार, हे सांगत नाही. त्यामुळे वर्षअखेरीस काम झाले किंवा झाले नाही, हे दोन्ही दावे सारख्याच जोराने करता येतात.

समजा, एका विस्तार अधिकाऱ्याने ‘नळपाणीपुरवठा इम्प्रूव्ह करणे’ असे उद्दिष्ट लिहिले आहे. या एका वाक्यात निदान चार निरनिराळी कामे दडलेली असू शकतात.

पाणीपट्टीची वसुली शेकडा ५५ वरून ७५ वर न्यावयाची असेल, तर वाढते ते प्रमाण. तेथे ‘बूस्ट’ म्हणजे जोमाने वाढविणे हा शब्द शोभतो आणि दोन्ही आकडे त्याच्यासोबत यावे लागतात. पाण्यातील क्लोरीनची तपासणी कर्मचारी रजेवर गेला की बंद पडत असेल, तर उणीव व्यवस्थेच्या टिकाऊपणात आहे. तेथे ‘स्ट्रेंग्दन’ म्हणजे बळकट करणे योग्य. पर्यायी कर्मचाऱ्यास प्रशिक्षण आणि नोंदवहीत एकही दिवस कोरा नसणे, ही त्याची खूण होय. तक्रारीचा नमुना उपयोगात आहे, परंतु त्यातील दोन रकाने एकच माहिती विचारतात, अशा वेळी चालू गोष्टीतील दोष काढावयाचे असतात. त्यास ‘रिफाइन’ म्हणावे; धातू शुद्ध करण्यासाठीही इंग्रजीत हाच शब्द आहे. आणि पाणी वेळेवर येतेच, आता त्याचे वेळापत्रक घरोघरी आगाऊ कळवावयाचे असेल, तर मुळात चांगल्या सेवेत भर पडते. ते ‘एन्हान्स’ होय.

या शेवटच्या शब्दाबाबत सावधगिरी हवी. भूसंपादनाच्या प्रकरणांत ‘एन्हान्स्ड’ मोबदला म्हणजे वाढीव मोबदला, हा अर्थ कचेऱ्यांत रुळलेला आहे. म्हणून गळती, विलंब, चुका यांच्यापुढे हा शब्द आला, तर त्या वाढविण्याचाच संकल्प केल्यासारखे होते. जे घटले पाहिजे, त्यास या चारांपैकी एकही क्रियापद चालत नाही. तेथे सरळ ‘रिड्यूस’, म्हणजे कमी करणे, असे लिहावे.

निवड योग्य झाली की नाही, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. क्रियापदाच्या जागी पुन्हा ‘इम्प्रूव्ह’ घालून वाक्य वाचावे. अर्थ तसूभरही बदलला नाही, तर कर्म अजून मोघम आहे असे समजावे. ‘पाणीपुरवठा’ हे कर्म तसेच ठेवून केवळ ‘इम्प्रूव्ह’च्या जागी ‘स्ट्रेंग्दन’ लिहिल्याने काहीच साधत नाही. ‘क्लोरीन तपासणीची दैनिक व्यवस्था’ असे कर्म ठरले, म्हणजे क्रियापद आपोआप सुचते आणि मार्चअखेर कोणती नोंदवही उघडून पाहावयाची, हेही ठरून जाते.