शंभर ओळींचा प्रश्न

पहिलं पत्र मी तीन रात्री जागून लिहिलं होतं. ‘अकाउंट्समधला चौदा वर्षांचा अनुभव, बारकाईने काम करण्याची सवय, आकड्यांची आवड, ही कौशल्यं डेटा ॲनालिसिसमध्येही उपयोगी पडतील.’ पत्र इंग्रजीत होतं, पण कुठल्याही भाषेत तितकंच पोकळ. सव्वीस ठिकाणी पाठवलं. दोन ठिकाणांहून फोन आले. त्यातल्या एकीने विचारलं, “सर, आमच्या अकाउंट्समध्ये जागा आहे, चालेल का?” पत्र पूर्ण वाचलं असतं तर विचारलं नसतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिने पूर्ण वाचलं म्हणूनच विचारलं.

दुसरीकडे मुलाखतीला बोलावलं. समोरचा माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. माझं पत्र त्याने माझ्यासमोर पहिल्यांदाच उघडलं, तेही मोबाइलवर. “एसक्यूएल लिहिलंय. डावीकडच्या टेबलात शंभर ओळी, उजवीकडे ऐंशी. लेफ्ट जॉइन केला तर किती ओळी येतील?” मी म्हणालो, शंभर. तो हसला. “नक्की ना, काका?” पुढची दहा मिनिटं तो बोलत होता, पण लक्ष मोबाइलमध्ये होतं. “दोन दिवसांत कळवतो,” म्हणाला.

बाणेरहून हडपसरला येताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. हीच चूक मी फेब्रुवारीत स्वतः पकडली होती!

आमच्याकडे दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं. पुरवठादारांनी दाखवलेली बिलं त्यात येतात आणि ती आमच्या खरेदीच्या नोंदींशी जुळवावी लागतात. पॉवर क्वेरीत मी २बी डावीकडे आणि पर्चेस रजिस्टर उजवीकडे घेऊन, जीएसटीआयएन आणि बिल क्रमांकावर जोडलं. नंतर सवयीने बेरीज टाकली, तर क्रेडिट मूळ २बीपेक्षा ४६,८०० रुपयांनी जास्त. शोधल्यावर सापडलं ते दोन लाख साठ हजारांचं एक बिल, कर १८ टक्के. माल दोन गोदामांत उतरला होता म्हणून रजिस्टरमध्ये त्याच्या दोन ओळी होत्या. २बीतली एक ओळ दोन्हींशी जुळली आणि क्रेडिट दोनदा मोजलं गेलं. आधी रजिस्टरमधल्या ओळी बिलवार एकत्र केल्या, मग जोडलं, तेव्हा बेरीज बसली.

म्हणजे उजवीकडे एकाच किल्लीच्या दोन ओळी असल्या की शंभराच्या एकशे एक होतात. मला उत्तर माहीत होतं, त्याचं नाव माहीत नव्हतं. आणि पत्रात तर त्याचा मागमूसही नव्हता. ‘बारकाईने काम करतो’ असं लिहिलं होतं!

दुसऱ्या पत्राचा पहिला परिच्छेद असा झाला (मराठीत सांगतो): ‘२बी आणि खरेदी-नोंदी जोडताना क्रेडिट ४६,८०० रुपयांनी फुगलं. कारण एका बिलाच्या दोन ओळी. जोडण्याआधी ओळी बिलवार एकत्र केल्या. जोडण्याआधी आणि नंतर ओळींची संख्या व बेरीज तपासण्याची पायरी आता प्रत्येक फाइलमध्ये कायमची ठेवली आहे.’ चौदा वर्षांचा उल्लेख खाली, एका वाक्यात.

अकाउंटंट मंडळींनी असाच एक प्रसंग शोधावा: काय बिघडलं, कशावरून कळलं, काय केलं. एक्सेलने ‘3-24’ या बिल क्रमांकाची तारीख करून टाकली आणि जुळणी हुकली, एवढंही पुरे. ‘ताळमेळ’ हा शब्द डेटावाल्यांच्या जाहिरातीत नसतो. ‘दोन स्रोतांतल्या नोंदी जुळवणं, डेटाची शुद्धता तपासणं’ असतं. काम तेच, म्हणून त्यांच्या शब्दांत लिहा. पण जे येत नाही ते लिहू नका. मी ‘एसक्यूएल’ एवढंच ठोकून दिलं होतं. आता ‘साध्या जॉइन आणि ग्रुप बाय क्वेरी लिहितो, विंडो फंक्शन्स शिकतोय’ असं असतं. पुरवठादाराचं नाव, जीएसटीआयएन पत्रात नको. नमुना दाखवायचा तर आकडे बदलून स्वतःची फाइल बनवा. कंपनीची फाइल बाहेर नेणारा माणूस कुणालाच नको असतो. शुद्धलेखन तपासा, पत्र एका पानात बसवा, हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

दुसऱ्या पत्रावर नवव्या अर्जाला बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वीस मिनिटं फक्त ४६,८०० वरच विचारलं: बेरीज जुळली असती पण बिलं चुकीची जोडली गेली असती तर कसं कळलं असतं? मी म्हणालो, बेरजेने कळलं नसतं. प्रत्येक बिलाची रक्कम शेजारी ठेवून फरकाचा रकाना पाहावा लागला असता. नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा थोडा कमी.

बाणेरवाल्यांचे दोन दिवस अजून संपायचे आहेत.