एक नाव, दोन गावे : नकाशातील अंतराची पडताळणी

ठाण्याहून दिवा किती दूर, हा प्रश्न वर्गात घातला असता त्याला दोन उत्तरे मिळू शकतात. मुंब्रा व डोंबिवली यांच्या दरम्यान असलेले दिवा जंक्शन ठाण्यापासून रेल्वेने सुमारे ९ किलोमीटरवर आहे. परंतु त्याच जिल्ह्यात, ऐरोलीजवळ, खाडीकाठी दुसरे दिवा गाव आहे. ते ठाणे स्थानकापासून सरळ रेषेत तीन-साडेतीन किलोमीटरच भरते. दोहोंमध्ये पारसिकची डोंगररांग उभी आहे.

मोबाइलवरील नकाशात नुसते ‘दिवा’ असे लिहिले म्हणजे काय घडते, हे समजून घ्यावे. नकाशाजवळ स्थळांची एक मोठी नोंदवही असते. प्रत्येक नावापुढे त्या स्थळाचे अक्षांश व रेखांश लिहिलेले असतात. एका नावाच्या अनेक नोंदी सापडल्या, तर शोधणाऱ्याचे ठिकाण, स्थळाची प्रसिद्धी इत्यादी गोष्टी पाहून यंत्र त्यांपैकी एक नोंद वर आणते. त्यानंतरचे गणित बिनचूक असते. चूक झालेली असते ती गाव निवडताना. म्हणूनच उत्तर अचूक दिसते आणि संशय येत नाही.

गावे दूरदूरची असली, म्हणजे हीच चूक फार मोठी होते. महाराष्ट्रातील औरंगाबादचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या पुस्तकांत मात्र पूर्वीचेच नाव आढळते. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचे शहर आहे. दिवा जंक्शनपासून सरळ रेषेत पहिले सुमारे २५० किलोमीटर, तर दुसरे सुमारे १,३०० किलोमीटर दूर आहे.

याची पडताळणी पाटीवर करता येते. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपल्या भागात एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. दिवा जंक्शन १९.२ अंश उत्तर व ७३.० अंश पूर्व येथे, तर छत्रपती संभाजीनगर १९.९ उत्तर व ७५.३ पूर्व येथे आहे. रेखांशांतील फरक २.३ अंश, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. अक्षांशांतील फरक ०.७ अंश, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे २५० किलोमीटर येतो. रस्ता वळणावळणाचा असल्याने त्याहून काहीसा अधिक भरेल. पाचपट मात्र भरणार नाही.

जवळच्या गावांत हा ताळा पुरेसा पडत नाही. तेथे दिशा पाहावी. ठाण्याहून दिवा जंक्शन पूर्वेस आहे, ऐरोलीचे दिवा दक्षिणेकडे. यास्तव विद्यार्थ्यांनी नावासोबत तालुका, जिल्हा व राज्य लिहावे, अथवा पिनकोड द्यावा : दिवा जंक्शनचा ४००६१२, ऐरोलीचा ४००७०८. नकाशावरील खूण कोठे पडली हे प्रथम पाहावे आणि मगच अंतर वहीत उतरवून घ्यावे.