कोपराची बारीक चीर आणि दुसरा फोटो

आमच्या शेजारच्या वस्तीतला सहा वर्षांचा मुलगा पोटमाळ्याच्या शिडीवरून हातावर पडला. कोपर बाहेरच्या बाजूने सुजले, तिथे बोट लावले तरी रडायचा. एक्सरेत केसासारखी रेघ दिसली. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि पाच दिवसांनी पुन्हा फोटोला बोलावले. आई आम्हाला म्हणाली, “ताई, एवढीशी चीर, त्यात प्लास्टर घातलंय. मग परत एक खाडा कशाला?”

प्रश्न रास्त होता. दंडाच्या हाडाचे खालचे, बाहेरच्या बाजूचे टोक या वयात बरेचसे कूर्चेचे, म्हणजे कच्च्या हाडाचे असते. कूर्चा एक्सरेत दिसत नाही. म्हणून तुटलेला तुकडा फोटोत दिसतो त्याहून खरा मोठा असतो. चिरेच्या आतल्या टोकाला थोडी कूर्चा शाबूत असेल, तर ती बिजागरीसारखी तुकड्याला धरून ठेवते. तीही फाटली असेल तर तुकडा मोकळा होतो. मनगट आणि बोटे वर उचलणारे स्नायू त्याच तुकड्याला जोडलेले असतात. ते प्लास्टरच्या आतही त्याला ओढत राहतात. पहिल्या दिवशी ही दोन्ही कोपरे फोटोत सारखीच दिसू शकतात.

डॉक्टर फट मोजतात. 2 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर साधारणपणे प्लास्टर आणि लक्ष. जास्त असेल तर बहुधा तारा घालाव्या लागतात. पण सरळ फोटोत फट लपते. हात आतल्या बाजूला वळवून काढलेल्या तिरक्या फोटोत ती नीट दिसते.

आई खाडा करून गेली. सरळ फोटो पहिल्यासारखाच होता, तिरक्यात मात्र फट 3 मिलिमीटर भरली. तुकडा सरकत होता. भूल देऊन तो जागेवर बसवला आणि दोन तारा घातल्या.

ती गेली नसती तर? ही चीर सांध्यात उघडते, सांध्यातले पाणी तिच्यात शिरते. तुकड्याला रक्त येते ते मुख्यतः मागच्या बाजूने, तेही बेताचे. वर स्नायूंची ओढ. त्यामुळे सरकलेला तुकडा जुळतच नाही, असे होऊ शकते. फसवणूक अशी की दुखणे थांबते, पोर खेळू लागते. मग हळूहळू हात कोपरापासून बाहेर झुकतो, आतल्या बाजूची नस ताणली जाते आणि कित्येक वर्षांनी करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते, पकड सुटते. तेव्हाचे ऑपरेशन अवघड असते. तुकडा सोडवताना उरलासुरला रक्तपुरवठाही तुटण्याची भीती असते.

मुलाच्या तारा महिन्याभराने निघाल्या. कोपर आखडले होते. आजी तेल घेऊन चोळायला बसली, तिला आम्ही थांबवले. जोराने चोळायचे नाही, ओढायचे नाही. मुलाला आपापला हात वापरू द्यायचा. दोन-अडीच महिन्यांत हात पुरता सरळ झाला.