आभाराच्या यादीत राहून गेलेले नाव

लग्न पार पडते, सत्यनारायणाची पूजा होते, पाहुणे आपापल्या गावी पोचतात आणि मग घरातले कोणीतरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आभाराचा संदेश लिहायला बसते. बहुतेक वेळा तो असा असतो: ‘लग्नासाठी अहोरात्र झटणारे मोठे काका, सुमनमावशी, विजूदादा, मीनावहिनी आणि इतर सर्व नातेवाइकांचे मनःपूर्वक आभार. नजरचुकीने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व.’ लिहिणाऱ्याच्या मनात कृतज्ञतेशिवाय दुसरे काही नसते. तरीही लग्नघरात वर्षानुवर्षे टिकणारे जे रुसवे असतात, त्यांतले बरेच मानपानात किंवा जेवणावळीत सुरू झालेले नसतात, ते या चार ओळींतून सुरू झालेले असतात. हे टाळता येते. पण त्यासाठी आधी हे बघायला हवे, की नाव राहिल्याने माणूस दुखावतो तो नेमका कशाने.

तो स्तुतीचा भुकेला असतो म्हणून दुखावतो, असे समजणे अन्यायाचे आहे. चार नावे घेतली की संदेश नुसता आभाराचा राहत नाही, तो निवाडा होतो. ‘अहोरात्र झटणारे’ कोण हे लिहिणाऱ्याने ठरवलेले असते आणि ते साठ माणसांसमोर जाहीर केलेले असते. आपण त्या साठांतले आहोत, पण चारांत नाही, एवढे कळायला दुसरे काही वाचावे लागत नाही. तोंडी बोलण्यात हे घडत नाही. मांडवात काकांचा हात धरून ‘तुम्ही होतात म्हणून निभावले’ म्हटले, तर शेजारी उभ्या असलेल्या आत्यालाही ते खरे वाटते, कारण पाच मिनिटांनी तिच्याशीही कोणीतरी तसेच बोलणार असते. लिहिलेली यादी मात्र तशीच राहते, पुन्हा उघडून वाचता येते, दुसऱ्या ग्रुपवर पाठवता येते. त्यात @ लावून नावे घातली असतील तर ती वेगळ्या रंगात उठून दिसतात, आणि ज्याचे नाव रंगलेले नाही त्याला ते शोधावेही लागत नाही.

यावर हमखास पुढे येणारा उपाय म्हणजे ती ‘नजरचुकीने’ची ओळ. ती आपण निमंत्रणांवरून उचललेली आहे. वर्तमानपत्रातल्या आणि पत्रिकेतल्या निमंत्रणाखाली ‘नजरचुकीने निमंत्रण राहिले असल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ असे छापायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि ती चांगली आहे. कारण तिथे ती ओळ राहिलेली गोष्ट खरोखर भरून काढते. ज्याला पत्रिका मिळाली नाही तो ती ओळ वाचून लग्नाला येऊ शकतो आणि त्याचे काहीही कमी होत नाही. आभारात ती ओळ काहीच भरून काढत नाही. राहिलेले नाव तिने येत नाही. उलट, नावे राहणार हे लिहिताना ठाऊक होते आणि तरी आठवायला बसलो नाही, अशी कबुली त्यात होते. म्हणून ती ओळ लिहायची गरज भासली, की समजावे की तिच्या वरची यादीच काढून टाकायला हवी.

मग सगळी नावे लिहावीत का? मोजक्या माणसांच्या कार्यात, समजा बारशाला किंवा घरगुती साखरपुड्याला, जरूर लिहावीत. पंधरा-वीस जणांपर्यंत पूर्ण यादी होऊ शकते. त्यापलीकडे ती कोसळते. लांब संदेश व्हॉट्सॲप अर्धाच दाखवते आणि खाली ‘Read more’ येते. पुढची सगळी नावे त्या पडद्याआड जातात. क्रमाचा प्रश्नही सुटत नाही. वयाने लावावा, तर ज्याने काम केले तो तळाशी जातो. कामाने लावावा, तर आजोबांचे नाव नवव्या क्रमांकावर येते. शिवाय तीन पिढ्यांच्या ग्रुपवर ‘मोठे काका’ म्हणजे कोण, हे वाचणाऱ्यावर अवलंबून असते. नवरदेवाचे मोठे काका हे त्याच्या वडिलांचे भाऊ, पण वडिलांच्या दृष्टीने मोठे काका कोणी वेगळेच, आणि ते ऐंशी वर्षांचे गृहस्थ संदेश वाचून क्षणभर सुखावतात आणि मग पुढच्या ओळीत त्यांना कळते की ते आपण नव्हे.

माझे म्हणणे असे, की मोठ्या ग्रुपवर माणसांची नावे घेऊ नयेत, कामांची घ्यावीत, आणि ती कार्य जसे घडत गेले त्या क्रमाने घ्यावीत. क्रम कार्याचा असला की मान वर-खाली होत नाही. मुहूर्तमेढ आधी आणि पाठवणी नंतर, यावर कोणाची हरकत नसते. वरच्याच लग्नाचा संदेश या पद्धतीने असा होईल: ‘मुहूर्तमेढ रोवली त्या दिवसापासून आमचे घर माणसांनी भरलेले होते. केळवणांची ताटे, रुखवतासाठी जागवलेल्या रात्री, हळदीच्या दिवशी पहाटे पाचला तयार असलेला चहा, वऱ्हाडाच्या बसमधली हजेरी, कार्यालयातल्या खोल्यांच्या चाव्या, आहेराची वही, पेंगुळलेल्या पोरांना मांडीवर घेऊन बाहेर काढलेला अख्खा मुहूर्त, आणि सगळे मांडवात असताना मागे थांबून राखलेले आमचे घर, यांतले काहीही आमच्या एकट्याने झाले नसते. ज्यांना येता आले नाही, ज्यांनी परदेशात रात्र जागून फोनवरच अक्षता टाकल्या, तेही आमच्या मांडवातच होते. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.’

यात एकही नाव नाही, तरी ज्याच्या हातात दिवसभर चाव्यांचा जुडगा होता, त्याला आपण सापडतो. जी काकू घर राखायला थांबली आणि जिने मंगलाष्टके ऐकलीच नाहीत, तिला कळते की कोणाच्या तरी लक्षात आहे. अशा कामांकडेच जास्त लक्ष द्यावे. स्टेजजवळ वावरणाऱ्याचे काम फोटोत असते, त्याला लोकांनी बघितलेले असते. आहेराची वही लिहिणारा, मुलांना घेऊन बाहेर बसणारी, औषधाच्या वेळी आजींना खोलीत नेणारी नात, ही माणसे कुठल्याही फोटोत नसतात आणि यादीतून पहिल्यांदा गळतात तीही हीच.

कोणी म्हणेल, कामांची यादी केली तरी एखादे काम राहणारच, मग फरक काय पडला? फरक पडतो, पण पूर्ण नाही, हे मान्य केले पाहिजे. काम राहिले तर माणसाला वाटते की लिहिणाऱ्याला ते आठवले नाही. नाव राहिले तर वाटते की त्याला आपण आठवलो नाही. पहिले विसरता येते. तरीही कामे कमीत कमी राहावीत म्हणून आठवणीवर विसंबू नये. कार्यालयातल्या खोल्यांचे वाटप लिहिलेला कागद, बसमधल्या माणसांची यादी आणि आहेराची वही, हे तीन कागद समोर घेऊन बसले की कोण आले आणि कोणी काय उचलून धरले, ते बहुतेक सगळे वर येते.

याहून वजनदार आक्षेप असा, की ज्या थोरल्या जावेने चार दिवस स्वयंपाकघर सांभाळले, तिला आणि फक्त अक्षता टाकून गेलेल्या चुलतभावाला एकाच ओळीत बसवणे हाही अन्यायच. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ग्रुपवरचा संदेश हे आभाराचे शेवटचे काम असावे, पहिले नव्हे. ज्यांचे ऋण खरोखर मोठे आहे, त्यांना आधी फोन करावा, जवळ राहत असतील तर घरी जावे. आपल्याकडे लग्नानंतर साडी-चोळी, ओटी, टॉवेल-टोपी हातात देऊन मान करायची रीत आहे. ती हातात द्यायची असते, माणूस बघून द्यायची असते, आणि त्या वेळी बोललेले शब्द त्याच माणसाचे असतात. ज्या जावेला असा फोन आधी आला आहे, ती ग्रुपवर आपले नाव शोधत नाही. ग्रुपवरचा संदेश आधी गेला आणि फोन नंतर, तर तोच फोन समजूत काढायला केल्यासारखा वाटतो.

वैयक्तिक आभारात एक सोय घातक ठरते. ब्रॉडकास्ट लिस्ट करून एकच मजकूर सगळ्यांना पाठवला, तर तो प्रत्येकाला स्वतंत्र आल्यासारखा दिसतो खरा, पण ज्यांनी आपला नंबर साठवलेला नाही त्यांच्यापर्यंत तो जातच नाही, आणि दोन चुलतबहिणी संध्याकाळी बोलल्या की दोघींना कळते की मजकूर तोच आहे. खासगी संदेशात एक तरी गोष्ट अशी हवी जी फक्त त्या माणसाने केली होती. दोन वाक्ये पुरतात. आणि आजीसारख्या ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी संदेश पुरेसा नाही, त्यांना कोणीतरी वाचून दाखवला असेल असे गृहीत धरू नये.

नावे घ्यायला हरकत नाही अशीही एक जागा आहे. राहिलेल्या माणसाला आपण त्यात का नाही, हे विचारावे लागत नसेल तर नाव घ्यावे. ‘दोन्हीकडच्या आज्यांचे आशीर्वाद’ म्हटले, तर मामी रागावणार नाही, कारण ती आजी नाही एवढेच त्याचे कारण आहे. गुरुजी, आचारी, घर उघडून देणारे शेजारी यांची नावे घ्यावीत, ते या ग्रुपवर नसतात आणि त्यांची कोणाशी तुलना होत नाही. ‘विशेष मेहनत घेणारे’, ‘खऱ्या अर्थाने आपले’ असली विशेषणे मात्र कुठल्याही नावाला लावू नयेत. वस्तुस्थितीने कोणी दुखावत नाही, मोजमापाने दुखावतो.

इतके करूनही संदेश चुकला, तर ते ओळखायचे कसे? एरवी लगेच बोलणारे एखादे घर गप्प राहते, किंवा ‘आम्ही काय केले, सगळे तुम्हीच केलेत’ असे उत्तर येते. संदेशात नावे घेतलेली असली, तर कोणी ग्रुपवरच ‘अरे, प्रभाआत्याचे नाव राहिले’ असे लिहिते, आणि घाईघाईत खाली ‘आणि प्रभाआत्याचेही आभार’ अशी पुरवणी जाते. ही पुरवणी मूळ विसरण्यापेक्षा जास्त लागते, कारण आता आत्या सगळ्यांसमोर मागून घेतलेल्या आभाराची धनीण झालेली असते. संदेश पाठवून 15 मिनिटे झाली नसतील तर तो एडिट करता येतो, पण एडिट केल्याची खूण तिथे राहते आणि आधीचा मजकूर वाचणाऱ्यांनी वाचलेला असतो. तेव्हा ग्रुपवर काहीही न लिहिता थेट आत्याला फोन लावावा, तिने काय केले होते ते तिला नेमके सांगावे आणि नाव राहिल्याचे एका वाक्यात मान्य करावे. सारवासारव करू नये.

म्हणून लग्नघरातल्यांना एवढीच विनंती, की आभाराचा मजकूर एकट्याने लिहून रात्री घाईने पाठवू नका. ज्या बाईने आहेराची वही सांभाळली तिला तो आधी वाचून दाखवा. कोण राहिले ते ती लगेच सांगेल.